माठाच्या कडेवरची बीजेची कोर

फोटोत बाहेरून आणून ठेवलेली वस्तू ओळखू येते ती बहुतेक वेळा तिच्या कडेवरून. पाठीमागे सूर्य असलेल्या फोटोत तर हमखास. अशा फोटोतल्या खऱ्या गोष्टी समोरून अंधारलेल्या असतात आणि त्यांच्या एका कडेवर उजेडाची बारीक रेघ असते. तिला छायाचित्रकार ‘रिम लाइट’ म्हणतात. आणलेल्या वस्तूवर ती रेघ नसली तर वस्तू चिकटवल्यासारखी दिसते. पण घाईघाईने सगळीकडून सारखीच रेघ ओढली तर ती लग्नपत्रिकेवरच्या सोनेरी अक्षरांसारखी दिसते, आणि मला वाटतं ते जास्त वाईट. ही रेघ कुठे असावी, किती जाड असावी आणि कुठे संपावी हे चवीवर सोडायची गरज नाही. ते मोजता येतं.

एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. कोकणातला पश्चिमेकडे तोंड करून उभा असलेला कोणताही किनारा. सूर्य क्षितिजाच्या 10 अंश वर, म्हणजे मावळायला साधारण पाऊण तास. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, वाळूपासून 50 सेंटिमीटर, आणि सरळ धरलेला, त्यामुळे क्षितिज फोटोच्या बरोबर मध्यावर. फुलफ्रेम कॅमेरा, 35 मिलिमीटरची लेन्स, फोटो 6000 बाय 4000 पिक्सेल. या फोटोत वाळूवर मातीचा एक माठ ठेवायचा आहे. माठाचा मूळ फोटो ढगाळ दिवशी अंगणात काढलेला, म्हणजे सगळीकडून मऊ, सारखा उजेड असलेला.

माठ 40 सेंटिमीटर उंच आणि जवळजवळ तेवढाच रुंद. तो फोटोत 800 पिक्सेलचा दिसायचा असेल तर कॅमेऱ्यापासून 2.9 मीटरवर हवा, आणि मग त्याचा तळ क्षितिजाच्या 1000 पिक्सेल खाली येतो. ही जागा आधी नक्की करायची. ती चुकली तर पुढचं कोणतंही उजेडाचं काम माठाला जमिनीवर टेकवू शकत नाही.

कोर किती जाड

सूर्य आणि माठ यांच्यात कॅमेऱ्यापासून पाहिल्यावर किती अंशांचं अंतर आहे, एवढ्यावर रिम लाइटच्या कोरेची जाडी ठरते. माठ सूर्याच्या बरोबर समोर असेल तर सूर्याने उजळलेली त्याची अर्धी बाजू पूर्णपणे पलीकडे जाते आणि आपल्याला काहीच दिसत नाही. माठ सूर्यापासून बाजूला सरकला की उजळलेल्या बाजूचा थोडा भाग कडेवरून डोकावू लागतो. जितका दूर, तितकी कोर जाड.

हे आपण दर महिन्याला आकाशात पाहतो. सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर 12 अंशांनी वाढलं की एक तिथी होते, म्हणजे तिथी हे मुळात याच कोनाचं माप आहे. अमावास्येला अंतर शून्य, म्हणून चंद्र दिसत नाही. 12 ते 24 अंशांत द्वितीया, बीजेची नाजूक कोर. 36 ते 48 अंशांत चतुर्थी, अंमळ जाड कोर. फोटोतला गोल माठ हाही सूर्याने उजळलेला गोळाच, त्यामुळे त्याला तोच हिशेब लागू होतो. माठ सूर्यापासून किती अंशांवर आहे ते काढा, त्याला 12 ने भागा, आणि त्या तिथीचा चंद्र डोळ्यांपुढे आणा. रिम लाइट तसाच दिसायला हवा.

आपल्या फोटोत सूर्य मध्यापासून 400 पिक्सेल उजवीकडे आणि क्षितिजाच्या 1030 पिक्सेल वर आहे. माठाचं केंद्र मध्यापासून 1200 पिक्सेल डावीकडे आणि क्षितिजाच्या 600 पिक्सेल खाली आहे. म्हणजे दोघांत आडवं अंतर 1600 आणि उभं 1630. माठाची त्रिज्या 400. आता लेन्सचं नाभीय अंतर पिक्सेलमध्ये बदलून घ्यायचं:

```
f = 35 / 36 * 6000           = 5833
d = sqrt(1600^2 + 1630^2)    = 2284
a = atan(d / f)              = 21.4 अंश
w = 400 * (1 - cos(a))       = 28 पिक्सेल
```

36 हा फुलफ्रेम सेन्सरच्या रुंदीचा आकडा आहे. लेन्सचं नाभीय अंतर फोटोच्या माहितीत नोंदलेलं असतं. मोबाइलचा फोटो असेल तर तिथे दिलेलं 35 मिलिमीटर फिल्मशी समतुल्य अंतर घ्यावं, ते ढोबळ हिशेबाला पुरतं. फोटो कापलेला असेल तर मात्र 6000 च्या जागी मूळ, न कापलेल्या फोटोची रुंदी घालायची. ही चूक सहज होते आणि कळतही नाही.

21 अंश म्हणजे द्वितीया. 800 पिक्सेलच्या माठावर सगळ्यात जाड जागी 28 पिक्सेल. इतकी बारीक कोर बघून अनेकांना वाटतं की काहीतरी कमी पडतंय, आणि ते ती दुप्पट करतात. दुप्पट जाडी म्हणजे माठापासून 30 अंशांवरचा सूर्य, आणि तो या फोटोत नाही.

कोर कुठे सुरू, कुठे संपते

माठाच्या केंद्रापासून सूर्यापर्यंत फोटोवर एक सरळ रेघ ओढा. ती रेघ माठाची कड जिथे ओलांडते तिथे कोर सर्वात जाड. आपल्या फोटोत आडवं आणि उभं अंतर जवळपास सारखं असल्यामुळे ही जागा वर-उजवीकडे, 45 अंशांवर येते. तिथून दोन्ही बाजूंना कोर निमुळती होत जाते आणि अर्धा घेर झाला की संपते. एक टोक वर-डावीकडे, दुसरं खाली-उजवीकडे. उरलेल्या अर्ध्या घेरावर रिम लाइट अजिबात नाही.

आता आतली छटा. कोरेची बाहेरची कड सर्वात उजळ असते आणि आत जाताना उजेड कमी होत 28 पिक्सेलवर शून्य होतो. तयार ‘इनर ग्लो’ वापरला तर छटा ठीक येते, पण तो घेरभर सारखा पसरतो. ‘स्ट्रोक’ वापरला तर छटाही नाही आणि टोकंही नाहीत. दोन्ही या कामाचे नाहीत.

हाताने करायची जुनी आणि सोपी युक्ती अशी. माठाच्या आकाराचा मास्क घ्या. त्याची प्रत काढून ती सूर्याच्या उलट दिशेला सरकवा, इथे 20 पिक्सेल डावीकडे आणि 20 खाली, म्हणजे तिरकस 28. मूळ मास्कमधून ही सरकवलेली प्रत वजा करा. उरते ती चंद्रकोरच, योग्य दिशेला जाड आणि दोन्ही टोकांना निमुळती. तिची आतली कड मऊ करा, बाहेरची कड मूळ मास्कनेच कापलेली राहू द्या. खऱ्या कोरेपेक्षा ही टोकांकडे किंचित जाड राहते, तेवढं ब्रशने पुसलं की झालं.

माठाचा गळा वेगळा

या युक्तीत एक खोट आहे. मास्क 28 पिक्सेल सरकवला की पोटावरही 28 आणि गळ्यावरही 28 ची कोर उमटते. पण जाडी त्रिज्येवर अवलंबून असते आणि गळ्याची त्रिज्या लहान आहे, समजा 150 पिक्सेल. शिवाय गळा गोळा नाही, उभं नळकांडं आहे. उभ्या भिंतीला सूर्य वर आहे की खाली याने कोरेच्या जाडीत फरक पडत नाही, फक्त सूर्य बाजूला किती आहे याने पडतो. आडवं अंतर 1600 पिक्सेल, म्हणजे साधारण 15 अंश. 150 गुणिले (1 वजा cos 15 अंश) म्हणजे 5 पिक्सेल.

पोटावर 28 आणि गळ्यावर 5. हा फरक दाखवला की माठ अचानक गोल वाटू लागतो, कारण आपला डोळा कोरेच्या जाडीवरून घाटाचा अंदाज घेत असतो. म्हणून गळ्याचा मास्क वेगळा करून तो फक्त डावीकडे 5 पिक्सेल सरकवायचा.

माठाचा काठ हा आणखी वेगळा प्रकार. त्याचा वरचा सपाट भाग आकाशाकडे तोंड करून असतो, म्हणून त्याच्यावर सगळीकडे ऊन पडतं. कॅमेरा 50 सेंटिमीटरवर आणि काठ 40 वर, त्यामुळे तो भाग आपल्याला अगदी तिरका, एका बारीक उजळ लंबवर्तुळासारखा दिसतो. तोंडाच्या आत दिसते ती पलीकडची भिंत. ती आपल्याकडे तोंड करून, म्हणजे सूर्याकडे पाठ करून आहे, म्हणून ती काळोखीच हवी. माठाच्या आत सोनेरी उजेड भरण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरावा.

आधी समोरची बाजू विझवा

क्रमाने खरं तर हे काम कोरेच्या आधीचं. ढगाळ दिवशी काढलेल्या माठाची समोरची बाजू उजळ आहे, आणि तिच्यावर कितीही चांगली कोर काढली तरी ती दिसणार नाही. सूर्य पाठीमागे असताना माठाच्या आपल्याकडच्या बाजूला दोनच ठिकाणांहून उजेड मिळतो. एक, कॅमेऱ्याच्या पाठीमागचं पूर्वेचं आकाश, जे निळसर असतं. दोन, आजूबाजूच्या उन्हातल्या वाळूवरून उसळलेला उजेड, जो उबदार असतो आणि खालून येतो.

म्हणून माठ एकसारखा काळा करायचा नाही. आधी सगळा गडद करून किंचित निळ्याकडे झुकवायचा, मग पोटाच्या खालच्या भागात थोडी ऊब परत आणायची. आपल्या फोटोत सावली खाली-डावीकडे पडते, तिथली वाळू उन्हात नाही, म्हणून ही ऊब खाली-उजवीकडे जास्त आणि खाली-डावीकडे कमी.

किती गडद, हे फोटोलाच विचारावं. किनाऱ्यावर एखादी होडी, दगड किंवा माणूस असेलच. त्याच्या आपल्याकडच्या बाजूचा आकडा आयड्रॉपरने वाचा. माठ त्या आकड्याच्या आसपास बसला पाहिजे. तांबडी माती काळ्या खडकापेक्षा उजळ असणारच, पण ती उन्हातल्या वाळूच्या जवळपासही जाता कामा नये.

कोरेचा रंग आणि तेज

सूर्य 10 अंशांवर असताना त्याचा उजेड डोक्यावरच्या सूर्याच्या मानाने सुमारे साडेपाच पट जाड हवेतून येतो. वाटेत निळा भाग विखुरला जातो, म्हणून तो पिवळट-नारिंगी होतो. हा रंग सूर्याच्या तबकडीवरून घेऊ नका. तिथे कॅमेऱ्याचे तिन्ही रंग शिगेला पोचून फक्त पांढरा उरलेला असतो. होडीच्या काठावरची किंवा माणसाच्या खांद्यावरची खरी कोर शोधा आणि तिथला रंग घ्या.

माठ तांबडा असला तरी त्याची कोर तितकी तांबडी नसते, याला कारण आहे. गुळगुळीत, धातू नसलेल्या पृष्ठभागावर समोरून पडणाऱ्या उजेडापैकी फक्त 4 टक्क्यांच्या आसपास आरशासारखा परततो. पण आपल्या माठाच्या कोरेत जिथून उजेड आरशासारखा आपल्याकडे परततो तिथे सूर्यकिरण जवळजवळ पृष्ठभागाला घासून येतात, लंबापासून सुमारे 79 अंशांवर, आणि तिथे हे प्रमाण 35 टक्क्यांच्या आसपास जातं. या परतलेल्या उजेडात मातीचा रंग मिसळत नाही, तो सूर्याच्याच रंगाचा राहतो. घोटलेल्या किंवा चकाकी दिलेल्या माठावर म्हणून कोरेच्या बाहेरच्या बाजूची दोन-तीन पिक्सेलची रेघ सूर्याच्या रंगाची आणि तिच्या आतली छटा तांबूस ठेवावी. खरखरीत, न घोटलेल्या माठावर ही बाहेरची रेघ बरीच मंद आणि तुटक असते. तांब्याचा हंडा असता तर हिशेब वेगळा झाला असता, कारण धातू परततानाच उजेडाला आपला रंग देतो.

तेजासाठी वाळूचा आधार घेता येतो. सूर्य 10 अंशांवर असताना सपाट वाळूवर ऊन इतकं तिरपं पडतं की सूर्याकडे सरळ तोंड केलेल्या पृष्ठभागाच्या फक्त 17 टक्के ऊन तिला मिळतं. माठाच्या कडेला सर्वात जाड जागी 36 टक्के मिळतं. म्हणजे वाळूच्या दुप्पट. माती वाळूपेक्षा गडद असल्यामुळे हा फायदा काहीसा खर्ची पडतो, आणि कोर कोरड्या, उन्हातल्या वाळूच्या बरोबरीची किंवा थोडी जास्त उजळ येते. हा अंदाजच आहे, पण दिशा बरोबर दाखवतो. ओल्या वाळूवरून मात्र माप घेऊ नका, ती आरशासारखी आकाश दाखवते.

कोरेचा थर माठावर बेरजेच्या पद्धतीने मिसळायचा, फोटोशॉपमध्ये `Linear Dodge (Add)`, गिम्पमध्ये `Addition`. उजेडावर उजेड पडला की बेरीजच होते. साधा `Normal` थर ठेवला तर माठाचा पोत रंगाखाली पुरला जातो आणि कोर रंगवल्यासारखी दिसते.

सावली साक्ष देते

कोर बरोबर आणि सावली चूक, असं झालं की पाहणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण काहीतरी खटकतं. सावलीची दिशा काढायला सूर्यापासून सरळ खाली क्षितिजापर्यंत या. त्या बिंदूपासून माठाच्या तळापर्यंत रेघ ओढा आणि ती आपल्याकडे पुढे वाढवा. सावली त्या रेघेवर पडते. आपल्या फोटोत ही रेघ खालच्या कडेला डाव्या कोपऱ्यापासून फक्त 200 पिक्सेलवर पोचते.

लांबी? 10 अंशांच्या सूर्यात सावली वस्तूच्या उंचीच्या 5.7 पट, म्हणजे 40 सेंटिमीटरच्या माठाची सव्वादोन मीटरहून जास्त. फोटोची खालची कड माठापासून दीड मीटरपेक्षाही जवळ आहे. म्हणजे सावलीचं टोक फोटोत येतच नाही, माठाच्या गळ्याची सावली दिसण्याचा प्रश्नच नाही. कोपऱ्यातून बाहेर पडणारा रुंद पट्टा, एवढंच दिसायला हवं. माठाजवळच संपणारी छोटी, गोल सावली हा अशा जोडकामांतला मला सर्वात जास्त वेळा दिसलेला दोष आहे.

सूर्याची तबकडी आपल्याला अर्ध्या अंशाची दिसते, म्हणून सावलीच्या बाजूच्या कडा प्रत्येक मीटरला साधारण 1 सेंटिमीटरने मऊ होत जातात. माठाच्या तळाशी त्या धारदार हव्यात आणि फोटोच्या खालच्या कडेला पोचेपर्यंत 50-60 पिक्सेलनी मऊ. सावलीचा रंग काळा नाही. तिथे आकाशाचा उजेड पडतोच, म्हणून ती निळसर गडद.

कड आणि धूसरपणा

मूळ फोटोतून माठ कापताना त्याच्या कडेवर अंगणाचा एखादा-दोन पिक्सेलचा उजळ पट्टा राहून जातो. तो रिम लाइटसारखा दिसतो, म्हणून तसाच ठेवावासा वाटतो. पण तो घेरभर असतो, सूर्य नसलेल्या बाजूलाही, आणि तिथेच पितळ उघडं पडतं. कोर काढण्याआधी मास्क 1-2 पिक्सेलनी आत घ्या.

सूर्य फोटोत असला की लेन्सच्या आत उजेड विखुरतो आणि सूर्याजवळचे काळे भागही धुरकट होतात. फोटोत सूर्यापासून माठाइतक्याच अंतरावरचा सर्वात गडद खडक पाहा. माठाच्या तोंडातला काळोख त्याहून काळा असेल तर तो तेवढा उचला. उजळ पाण्यासमोर येणाऱ्या कडेवर मागचा उजेड किंचित सांडू द्यावा, पण त्याला कोर समजू नये. हा सांडलेला उजेड मागे उजळ भाग असेल तिथे सगळीकडे असतो, कोर फक्त सूर्याच्या बाजूला.

कधी हे जमत नाही

सूर्य ढगाआड किंवा दाट धुक्यात असेल तर उजेड आकाशाच्या मोठ्या भागातून येतो. तेव्हा कोर रुंद, मंद आणि बिनटोकाची होते आणि वरचा हिशेब लागू पडत नाही. केस, गवत, लोकर, पातळ कापड यांतून उजेड आरपार येतो, म्हणून ते बरोबर सूर्यासमोर असतानाही चमकतात. त्यांना माठाचा नियम लावला तर त्यांची चमक चुकून पुसली जाईल. आणि मूळ वस्तूचा फोटो कडक उन्हात, समोरून काढलेला असेल तर तिच्यावर आधीच एक सावली आणि एक चकाकी बसलेली असते. ती पुसून दुसऱ्या सूर्याची काढणं एखाद्या साध्या माठावर जमेलही, नक्षीदार समईवर नाही. पाठीमागच्या सूर्यात बसवायची वस्तू ढगाळ दिवशी किंवा मोकळ्या सावलीत, आणि पार्श्वभूमीचा फोटो काढला त्याच उंचीवरून टिपावी. दुसरा फोटो काढणं शक्य असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, तोच काढा.